पाय चुकला, पण चौथ्याच अंकात

द्वितीय वर्ष बी.एस्सी.च्या गणिताच्या प्रॅक्टिकलला मी दरवर्षी १ − १/३ + १/५ − १/७ … ही श्रेणी देते. तिची बेरीज पाय भागिले चार येते आणि प्रोग्राम चार ओळींचा असतो.

```
s = 0
for k in range(5000):
    s += (-1)**k / (2*k + 1)
print(4*s)
```

आंशिक बेरजा सीमेच्या एकदा वर, एकदा खाली जातात आणि प्रत्येक झेप आधीच्यापेक्षा लहान असते. म्हणून कुठेही थांबले तरी चूक पुढच्या पदाहून कमीच राहते, एवढे शिकवून मी दरवेळी पुढे जात असे. त्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, चौथा अंक चुकलाय, मग पुढचे बरोबर कसे?" पडद्यावरचे उत्तर तेरा दशांश स्थळांपर्यंत ३.१४१३९२६५३५९१८ असे होते आणि खरी किंमत ३.१४१५९२६५३५८९८ आहे. चौथ्या स्थळी पाचाच्या जागी तीन आले होते, त्यापुढचे सहा अंक तंतोतंत जुळत होते, मग ८९ च्या जागी ९१ होते आणि शेवटचा आठ पुन्हा बरोबर होता.

तासाचे उरलेले काम बाजूला ठेवून मी फळ्यावर वजाबाकी केली. चूक ०.०००२ होती, फक्त तिच्यातून बाराव्या स्थळी २ वजा झाले होते. पाच हजाराव्या पदानंतरची पदे जवळजवळ सारख्याच मापाची असल्याने खरी सीमा लागोपाठच्या दोन बेरजांच्या साधारण मध्यावर पडते. म्हणून चूक पुढच्या पदाच्या सुमारे निम्मी, म्हणजे पायच्या बाबतीत जवळपास १/n असते. नेमकेपणाने ती १/n − १/(४n³) + … अशी असून n = ५००० घेतल्यास ही दोन्ही पदे दशांशात एकेका अंकाची होतात आणि मधले अंक अबाधित राहतात. मुलांनी लगेच n = ७००० घेतले, तर १/७००० चे आवर्ती अंक मिसळून सगळी मौज नाहीशी झाली.

चूक इतकी ओळखीची असेल तर ती भरूनही काढता येते, आणि केरळातील माधवांच्या परंपरेने काही शतकांपूर्वी हेच केले होते: n पदांनंतर थांबून पुढच्या पदाच्या चिन्हाने n/(४n²+१) मिळवायचे. आम्ही n = ५० घेतले. नुसत्या बेरजेची चौपट ३.१२१५९४६५२६ येते, म्हणजे दुसराच अंक चुकतो. पन्नासानंतरचे पद अधिक चिन्हाचे असल्याने तिच्यात २००/१०००१, म्हणजे ०.०१९९९८०००२, मिळवले आणि ३.१४१५९२६५२८ आले. आठ स्थळे बरोबर, आणि तीही पन्नास पदांत. नुसत्या श्रेणीने तेवढ्यासाठी कोट्यवधी पदे मागितली असती.