एकच एसएमएस दोनदा का जातो?

आजच्या डिझाइन इंटरव्ह्यूंमध्ये नोटिफिकेशन सिस्टिम म्हटलं की बोर्डावर क्यूची चौकट लगेच यायची. गाडी अडायची पुढच्या प्रश्नावर: ‘ऑर्डर निघाली’ हा एसएमएस ग्राहकाला दोनदा कसा गेला?

ॲमेझॉनची साधी एसक्यूएस क्यू घ्या. वर्करने मेसेज उचलला की तो इतरांना 30 सेकंद दिसत नाही, ही डीफॉल्ट मुदत. एसएमएस प्रोव्हायडरचं उत्तर यायला 35 सेकंद लागले, तर तिसाव्या सेकंदाला मेसेज पुन्हा दिसतो, दुसरा वर्कर तो उचलतो आणि दुसरा एसएमएस जातो. एरर कुठेच नाही! `ApproximateReceiveCount` 2 झालेला असतो, तेवढीच खूण.

मग बरेच जण म्हणतात, एचटीटीपी टाइमआउट 10 सेकंद करू. करा, पण टाइमआउट म्हणजे ‘गेला नाही’ असं नव्हे, ‘माहीत नाही’. म्हणून `order_4821:shipped:sms` अशी युनिक की आपल्या टेबलमध्ये ठेवायची, आणि सोय असेल तर प्रोव्हायडरलाही तीच द्यायची. एसएमएस गेला आणि `sent` लिहिण्याआधीच वर्कर मेला, ही फट आपल्या टेबलने बुजत नाही. प्रोव्हायडरकडे सोय नसेल तर निवड करावीच लागते: ऑर्डरचा मेसेज दोनदा गेला तरी चालेल, जाहिरात एखादी बुडाली तरी चालेल.

ओटीपीचं गणित वेगळं. त्याची मुदत संपली की रिट्राय न करता मेसेज सरळ टाकून द्यायचा. हे आज एकाच उमेदवाराने न विचारता सांगितलं.