रात्री दोनचे व्यवहार

काका आमच्या शाखेत नेहमी पेन्शनच्या दुसऱ्या दिवशी यायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत. काकू गेल्यापासून दर वेळी थोडा वेळ जास्त बसायचे. त्या दिवशी मात्र थेट माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, एटीएममधून पैसे निघत नाहीत. पेन्शन आली नाही का?"

पेन्शन आली होती, पण खातं गोठवलेलं होतं. परराज्यातल्या एका पोलीस ठाण्याची सायबर तक्रार होती आणि वादातली रक्कम होती ६,४०० रुपये. हे पैसे तीनेक आठवड्यांपूर्वी, रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी, एका अनोळखी माणसाच्या खात्यातून काकांच्या खात्यात जमा झाले होते. मी नाव वाचून दाखवलं. "हे कोण, काका?" ते काहीच बोलले नाहीत.

मी खात्याचा उतारा काढला. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर उतारा बघून माणसाचा महिना कसा गेला ते बऱ्यापैकी कळतं. औषधाचं दुकान, वीजबिल, भाजी, दूधवाला हे सगळं दिवसाउजेडी होतं. त्यानंतर मध्यरात्रीपासून पहाटे तीनपर्यंत यूपीआयच्या नोंदींची रांग लागलेली. सुरुवातीला शंभर, दोनशे. पुढे पाचशे, हजार, दोन हजार, आणि तेही दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. घेणारा दर वेळी वेगळा. एक मोबाइलचं दुकान, एक डेअरी, कुठल्याशा बाईचं नाव, एक ट्रेडर्स. ओळखीच्या माणसाला पैसे पाठवले तर नाव पुन्हा पुन्हा येतं. इथे एकही नाव चार दिवसांपेक्षा जास्त टिकलेलं नव्हतं. आणि मध्येच, रात्री सव्वादोनला, दोन लाखांची मुदत ठेव ॲपवरून मोडलेली.

मी काकांना आत चहाच्या खोलीत नेलं. दार लावल्यावर ते बोलले.

काकू गेल्यावर झोप उडाली होती. मुलगा पुण्यात, मुलगी सासरी. टीव्ही लावला तर वरचे भाडेकरू तक्रार करायचे, म्हणून फोन. व्हॉट्सॲपवर कुणीतरी एका गेमची लिंक पाठवली, ती दाबली आणि ॲप उतरलं. प्ले स्टोअरवरून नव्हे, थेट लिंकवरूनच. आधी तीन पत्ती, मग रुलेट. रुलेटच्या टेबलावर खरी मुलगी बसलेली दिसायची, चक्र फिरवायची. काकांनी स्वतःचं नाव 'अण्णा' असं टाकलं होतं. ते टेबलावर आले की ती हसून म्हणायची, "वेलकम अण्णाजी." माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "रात्री दोन वाजता माझं नाव घेणारं दुसरं कोण होतं, मॅडम?"

याउपर मी त्यांना हावरट म्हणू शकत नाही. कुणी म्हटलेलंही मी ऐकून घेणार नाही.

पहिल्या आठवड्यात ते जिंकले. तेच हे ६,४०० रुपये. त्याआधी त्यांना एक 'बोनस' दिला होता: दोन हजार भरा, दोन हजार आम्ही घालू. ती अट मी त्यांच्या फोनवर वाचली. पैसे काढण्याआधी भरलेले आणि बोनसचे मिळून चार हजार, त्याच्या वीसपट म्हणजे ऐंशी हजार रुपयांचे डाव लावायचे. रुलेटच्या चक्रावर ३७ घरं असतात, १८ लाल, १८ काळी आणि एक शून्य. लाल लावलं तर जिंकण्याची घरं १८ आणि हरण्याची १९. म्हणजे शंभर रुपयांच्या डावामागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे कॅसिनोचे. ऐंशी हजारांवर ते २,१६० रुपये होतात. दिलेला दोन हजारांचा बोनस तिथेच परत जातो, वर आपलेही थोडे जातात. हे सारं चक्र सचोटीने फिरतंय असं धरलं तर. काका पहिल्या वेळी या सरासरीतून सुटले, आणि सुटले म्हणूनच अडकले. मी कागदावर आकडे मांडले, तेव्हा ते बराच वेळ त्या १९ कडे बघत होते. आयुष्यभर पाण्याच्या पाळ्यांचे हिशेब लिहिलेला माणूस. गणित त्यांना लगेच कळलं.

गोठवण्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बँकांना अशा खेळांचे व्यवहार करता येत नाहीत. त्यामुळे ही ॲप्स भाड्याने घेतलेल्या माणसांच्या खात्यांवर चालतात. तुम्ही भरलेले पैसे कुठल्यातरी डेअरीवाल्याच्या नावावर जातात, आणि जिंकलात तर तसल्याच एखाद्या खात्यातून येतात. त्याच खात्यांत इतर फसवणुकींचा पैसाही फिरत असतो. ज्याला लुबाडलं तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत खात्यामागून खाती थांबवत जातात, आणि काकांसारख्याची पेन्शन त्यात सापडते. कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळ चालवणाऱ्याला आहे. हे सांगितल्यावर काकांचा हात थरथरायचा थांबला. आपल्याला अटक होणार या धास्तीनेच त्यांनी मुलांना काही सांगितलं नव्हतं.

आम्ही तक्रार क्रमांक आणि त्या पोलीस ठाण्याचा पत्ता दिला. अर्ज लिहिला: पैसे कसे आले ते खरंखरं, सोबत उतारा, आणि विनंती की होल्ड फक्त वादातल्या ६,४०० रुपयांवर ठेवावा, बाकीचं खातं मोकळं करावं. असं मागता येतं. अर्ज ईमेलने गेला, दोनदा स्मरणपत्रं गेली आणि पुढची पेन्शन यायच्या आत खातं खुलं झालं. ६,४०० मात्र अजून अडकलेत. गेलेले सुमारे तीन लाख चाळीस हजार परत मिळण्याची आशा मी त्यांना दाखवली नाही. १९३० वर लगेच फोन केला तर पुढे सरकायच्या आत काही रक्कम थांबवता येते. इतक्या आठवड्यांनी ती कधीच पुढच्या दहा खात्यांत पांगलेली असते.

मुलीला फोन त्यांनी स्वतःच, माझ्यासमोर केला. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी आली. तिच्या समोर आम्ही उरलेल्या ठेवी संयुक्त नावावर केल्या आणि ॲपवरून मोडता येणार नाहीत अशी सोय केली. काकांनी लेखी अर्ज देऊन यूपीआय बंद करून घेतलं. फोनमधलं ॲप काढलं. तरी दुसऱ्या नंबरांवरून 'अंकल, जेवलात का? तुमच्यासाठी ५०० फ्री' असे निरोप येतच होते. ते नंबर ब्लॉक करायला मुलीने शिकवलं.

रात्रीचा प्रश्न बँकेत सुटत नाही. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, आणि काकांची वेळ त्यानंतर सुरू होते. म्हणून मी १४४१६ लिहून दिला. ती टेली मानसची सेवा, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. एकदा रात्री त्यांनी तिथे फोन लावला. पुढच्या महिन्यात पेन्शन घ्यायला आले तेव्हा सांगत होते की समोरचा मुलगा साताऱ्याकडचा निघाला आणि दोघं अर्धा तास धरणाबद्दल बोलत होते. मग झोपेच्या गोळ्यांसाठी नाही, तर झोपेबद्दल बोलायला सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीला जायचं त्यांनी ठरवलं. मुलगी सोबत जाणार होती. त्यांनी रोख पैसे मोजून घेतले आणि केसपेपर किती वाजता काढतात ते मला विचारलं.