माझी हीट तुम्ही ओतलीत

मंडळी, आबांचं ऑपरेशन झालं. खुबा बसवलाय, काल वॉकर धरून चार पावलं टाकली. दवाखान्यात बाकड्यावर बसून हे लिहितोय, कारण समोर आल्यावर मला आभार मानता येणार नाहीत आणि तुम्हीही मानू देणार नाही.

घरून फोन आला तेव्हा फर्नेस भरलेली होती. एसजीची हीट, सॅम्पल स्पेक्ट्रोला गेलेलं. मामा एवढंच म्हणाले, "जावा तुम्ही, बघतो आम्ही." तावडे हॉटेलच्या चौकात अडकलो तरी डोकं शिरोलीतच होतं.

नंतर कळलं, मोल्डिंगची लाइन थांबली आणि धातू भट्टीतच राहिला. तापलेला धातू असा थांबला की कार्बन हळूहळू कमी होतो, अस्तरातून सिलिकॉन चढतो. माझ्या चिठ्ठीवर आकडे बरोबर होते, पण ते थांबण्याच्या आधीचे. ताईंनी चिठ्ठी बाजूला ठेवून नवीन सॅम्पल मागवलं आणि लागेल तेवढा कार्बन घालायला लावला. घाईत हे कोणी करत नाही, सांगून ठेवतो.

खरी कसोटी पुढे होती. लेडलमध्ये मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं. आपल्याकडे दहा मिनिटांच्या आत ओतायचं. त्यापुढे मॅग्नेशियम उडत जातं आणि ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. वरून कास्टिंग तसंच चकचकीत दिसतं, दोष कळतो तो मायक्रोस्कोपखाली, नाहीतर गिऱ्हाइकाकडे तुटल्यावर. निम्मे बॉक्स ओतून झाले आणि क्रेन अडकली. ती सुटेपर्यंत वेळ संपली होती. मामांनी उरलेला धातू बॉक्समध्ये न घालता सरळ पिगमध्ये ओतला. हीट माझ्या नावावर, नुकसान दिसणार माझ्या रिपोर्टात, आणि साहेबांपुढे जाऊन "मी ओतला" म्हणाले ते मामा! पाळी कोणीही सांभाळतो हो, असला निर्णय दुसऱ्यासाठी अंगावर घेणं जड असतं.

ताईंनी शेवटी ओतलेल्या बॉक्सचा तुकडा पॉलिश करून पाहिला, कारण मॅग्नेशियम सगळ्यात कमी तिथंच असणार. गोळे चांगले निघाले. तो पास झाल्यावरच आधीचे बॉक्स सोडले.

आता परतफेडीचं. जोतिबाच्या चैत्री यात्रेला मामांच्या गावची सासनकाठी असते. ते दिवस मामांच्या पाळ्या माझ्या, रात्रीच्यासुद्धा. सुट्टीचा अर्ज आत्ताच टाका. ताई, मुलीच्या दहावीच्या पेपरांना तुम्ही सकाळी लॅबला येऊ नका. सॅम्पल पॉलिश करायला मी आहे, स्पेक्ट्रोचं कॅलिब्रेशन तेवढं एकदा शिकवून ठेवा. आणि क्रेनवाल्या पोरा, तुझा मी अजून विचार करतोय.