आमची वाटचाल : एका नोंदीची एकच वजावट

घरोघरी दूध पोहोचवणाऱ्या व्यावसायिकांसाठी हिशेबाचे ॲप पुरवणे हा आमच्या छोट्या फर्मचा मुख्य व्यवसाय आहे. ग्राहक आगाऊ रक्कम जमा करतो, दूध देणारा दारात लिटरची नोंद करतो आणि तेवढे पैसे जमा रकमेतून वजा होतात. शहरात हे सुरळीत चालले. सातारा जिल्ह्यातील डोंगराळ गावांत काम सुरू झाल्यावर मात्र दुबार वजावटीच्या तक्रारी येऊ लागल्या.

एका ग्राहकाच्या खात्यात 116 रुपयांच्या दोन नोंदी काही सेकंदांच्या अंतराने दिसत होत्या. पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचून पैसे वजाही झाले होते, परंतु त्याचे उत्तर परतताना रेंज गेली आणि ॲपने, उत्तर न मिळाल्यामुळे, तीच विनंती पुन्हा पाठवली. विनंती वाटेत हरवली की उत्तर हरवले, हे फोनला कळण्याचा मार्गच नसतो.

पाच मिनिटांच्या आतली सारखी रक्कम सर्व्हरने नाकारावी, अशी सूचना मी केली. आमच्या डेव्हलपरने ती मान्य केली नाही, आणि ते योग्यच होते. घरी पाहुणे आले म्हणून तेवढेच दूध पुन्हा घेणारा ग्राहकही असतोच. त्यांनी आयडेम्पोटन्सी कीचा, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तरी परिणाम एकदाच व्हावा यासाठी तिला लावलेल्या ओळखखुणेचा, मार्ग घेतला. ‘नोंद करा’ हे बटण दाबताच फोन एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारी लांबलचक ओळखखूण, की म्हणून तयार करतो, विनंती पाठवण्यापूर्वी ती नोंदीसोबत फोनमध्येच साठवतो आणि कितीही वेळा पुन्हा पाठवावे लागले तरी `Idempotency-Key` या हेडरमध्ये तीच की जाते. प्रत्येक प्रयत्नाला नवी की तयार झाली, तर या साऱ्याचा काहीच उपयोग होत नाही.

सर्व्हरवर की नोंदवणे, रक्कम वजा करणे आणि उत्तर साठवणे ही तिन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतात, म्हणजे एकतर तिन्ही होतात किंवा एकही होत नाही.

```sql
INSERT INTO request_keys (key, body_hash)
VALUES ($1, $2)
ON CONFLICT (key) DO NOTHING;
```

ती की आधीच नोंदलेली असल्याने नवी ओळ घातली गेली नाही, तर पैशांना हात न लावता साठवलेले उत्तरच परत जाते. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, तर आमचा डेटाबेस पोस्टग्रेस दुसरीला पहिलीचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवते. पहिली रद्द झाल्यास दुसरी पुढे जाते. की तीच पण रक्कम वेगळी असेल, तर विनंतीच्या मजकुरावरून काढलेला `body_hash` जुळत नाही आणि आम्ही 422 ही त्रुटी देतो.

अशा की 24 तास ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आमच्याकडे एखादा फोन दोन-दोन दिवस रेंजबाहेर राहतो, त्यामुळे आम्ही त्या महिनाभर ठेवतो. तक्त्याचा आकार वाढतो, पण तेवढा खर्च आम्हाला परवडतो.

अर्थात, दूध देणाऱ्याने नोंद अडकली असे समजून स्वतःच दुसरी नोंद केली, तर तिची की वेगळी असते आणि सर्व्हर ती खरीच मानतो. म्हणून न पोहोचलेली नोंद आता त्या ग्राहकाच्या नावाखाली ‘पाठवणे बाकी’ अशी दिसते, आणि नवी नोंद करण्यापूर्वी ॲप एकदा विचारते.