आमची वाटचाल: लग्नाच्या कॅसेटमधला लाल शालू

पुण्यात कॅसेट डिजिटल करून देण्याचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे साधा व्हीसीआर आणि यूएसबीची स्वस्त काडी होती. आता एस-व्हीएचएस डेक आहे. त्यातला टीबीसी, म्हणजे टाइम बेस करेक्टर, चित्राची प्रत्येक ओळ जागेवर बसवतो, त्यामुळे उभ्या रेषा थरथरत नाहीत. एस-व्हिडिओ वायरीतून उजेड आणि रंग वेगवेगळे येतात. पावसाळ्यात बुरशी धरलेली कॅसेट मात्र साफ केल्याशिवाय आम्ही डेकमध्ये घालत नाही, एका कॅसेटची बुरशी हेडवरून पुढच्या दहांत जाते.

ट्रॅकिंगचा पांढरा पट्टा कॉम्प्युटरवर पुसता येत नाही, कारण तिथलं चित्र हेडने टेपवरून उचललेलंच नसतं. म्हणून ऑटो ट्रॅकिंग बंद करून बटणाने पट्टा खाली सरकवत पडद्याबाहेर काढायचा. तो वर किंवा खाली एकाच जागी अडून बसला, तर खोट टेपच्या वाटेत, म्हणजे गाइडच्या उंचीत असते. मग दुसरा डेक लावून बघायचा. तरीही तुरळक ठिपके उरले तर तीच कॅसेट तीनदा कॅप्चर करतो. ठिपके दर वेळी वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे तिन्ही फ्रेम जुळवून मधली किंमत घेतली की ते जातात. टेपच खरवडलेली असेल तर काहीच जात नाही.

कॅप्चर 720×576, 4:2:2, हफवाययूव्ही या चित्रातलं काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये. तासाला साधारण 30 ते 40 जीबी.

आता शालू. व्हीएचएस रंगाला उजेडापेक्षा फारच कमी जागा देतं, म्हणून लाल रंग काठाबाहेर उजवीकडे ओघळतो. लग्नाची कॅसेट बहुधा कॉपीची कॉपी असते, आणि दर कॉपीत रंग थोडा खालीही घसरतो. घसरण मोजून मागे नेता येते. एका कॅसेटमध्ये ती उजवीकडे 4 पिक्सेल आणि खाली 2 ओळी निघाली. तिच्यासाठीची ही एव्हीसिंथ स्क्रिप्ट, यातला QTGMC इंटरलेस चित्राच्या पूर्ण फ्रेम करतो:

```
AviSource("lagna.avi")
ConvertToYV16(interlaced=true)
AssumeTFF()
QTGMC(Preset="Slow")
c = Crop(4,2,0,0).AddBorders(0,0,4,2)
MergeChroma(c)
```

मोजायला शालूचा काठ आणि मागची भिंत एकत्र दिसणारी फ्रेम निवडावी. आकडा वाढवत गेलात की लाल रंग डावीकडे सांडू लागतो. तिथून एक पाऊल मागे थांबायचं. मात्र रंगाचा मूळ धूसरपणा यानेही जात नाही.

हे झाल्यावर तळातल्या फाटक्या ओळी काळ्या करायच्या आणि मगच 1440×1080. आधी मोठं केलं तर अपस्केलर ठिपक्यांना आणि ओघळलेल्या लाल कडेला तपशील समजून धार लावतो, आणि ती धार नंतर निघत नाही. फोर-के मागणाऱ्यांना आम्ही 1080 वरच थांबवतो, सोबत मूळ हफवाययूव्ही फाइल देतो.