डिस्क्राइब, एक्स्प्लेन, कंपेअर: एकच ग्राफ, तीन वेगळी उत्तरं (माझा अनुभव)

दहावीपर्यंत मी एसएससी बोर्डात होते आणि अकरावीला केंब्रिजच्या एएस लेव्हलला आले, बायोलॉजी घेतलं, कोड 9700. पेशी, मेम्ब्रेन, ऑस्मोसिस हे सगळं आधी शिकलेलं होतंच, पण इथे प्रश्नाच्या पहिल्या शब्दावर अख्खं उत्तर ठरतं हे नवीन होतं. आपल्या बोर्डात 'शास्त्रीय कारणे लिहा' असं सरळ लिहिलेलं असतं, त्यामुळे कारण द्यायचंय हे कळतं. इथे तेच काम एक्स्प्लेन हा शब्द करतो, आणि त्याच ग्राफवर वरच्या ओळीत डिस्क्राइब असेल तर तिथे कारणाला एकही मार्क नसतो.

मला सगळ्यात जास्त मदत झाली ती मार्क स्कीमची, म्हणजे कुठल्या मुद्द्याला मार्क द्यायचा हे परीक्षकाला सांगणाऱ्या कागदाची. सिलॅबसच्या शेवटी कमांड वर्ड्सची, म्हणजे प्रश्नाच्या अशा पहिल्या शब्दांची, यादी आहे, ती वाचा, पण ती व्याख्यांसारखी आहे, वाचून हातात फार काही येत नाही. जुना पेपर आणि त्याची मार्क स्कीम शेजारी शेजारी ठेवून बसलं की खरं दिसतं. मार्क स्कीममध्ये प्रत्येक मुद्द्यानंतर अर्धविराम असतो, एक अर्धविराम म्हणजे एक मार्क. मग मी काय केलं, मेम्ब्रेन ट्रान्सपोर्टचे प्रश्न निवडले आणि एकाच ग्राफवर तीनही प्रकारचे प्रश्न स्वतः तयार करून उत्तरं लिहिली. तोच ग्राफ इथे देते, आकडे मी सरावासाठी सोपे घेतलेत.

ग्राफ असा: आडव्या अक्षावर पेशीबाहेरचं कॉन्सन्ट्रेशन, 0 ते 20 mmol dm⁻³. उभ्या अक्षावर पेशीत आत जायचा वेग, आर्बिट्ररी युनिटमध्ये. दोन रेषा आहेत. एक ग्लुकोजची, तो कॅरियर प्रोटीनमधून जातो म्हणजे फॅसिलिटेटेड डिफ्युजन. ही रेषा 5 वर 6 पर्यंत चढते, 10 वर 8 होते आणि पुढे आडवी. दुसरी एका छोट्या नॉन-पोलर रेणूची, तो सिंपल डिफ्युजनने जातो, ही सरळ रेषा, 10 वर 3 आणि 20 वर 6.

आता प्रश्न 'डिस्क्राइब, ग्लुकोजची रेषा', 3 मार्क. इथे फक्त डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, पण नीट. 'कॉन्सन्ट्रेशन वाढलं की वेग वाढतो' एवढ्यावर थांबलात तर एक मार्क मिळेल. रेषा कुठे वळते ते सांगायला हवं आणि आकडे युनिटसकट द्यायला हवेत. मी असं लिहिलं: 0 ते 5 mmol dm⁻³ मध्ये वेग झपाट्याने वाढून 6 होतो, 5 ते 10 मध्ये वाढ मंदावते, 10 च्या पुढे वेग 8 आर्बिट्ररी युनिटवर स्थिर राहतो. बस. कॅरियर प्रोटीनचं नावसुद्धा काढलं नाही. ते लिहिल्याने मार्क कापत नाहीत बहुतेक वेळा, पण पेपर 2 ला 75 मिनिटांत 60 मार्कांचं लिहायचं असतं म्हणजे एका मार्काला सव्वा मिनिट, आणि जागाही ओळी मोजून दिलेली असते, ती कारणांनी भरली तर आकड्यांना जागाच उरत नाही.

आता तोच ग्राफ, 'एक्स्प्लेन, ग्लुकोजच्या रेषेचा आकार'. इथे नेमकं उलटं, रेषा कशी दिसते याला मार्क नाहीत, ती तशी का आहे याला आहेत. उत्तर असं: ग्लुकोज पोलर आहे, मेम्ब्रेनच्या फॉस्फोलिपिडचा आतला भाग हायड्रोफोबिक असल्यामुळे तो थेट जाऊ शकत नाही, म्हणून त्याला कॅरियर प्रोटीन लागतं. कमी कॉन्सन्ट्रेशनला बरीच प्रोटीन्स रिकामी असतात, ग्लुकोज वाढला की जास्त बाइंडिंग साइट्स भरतात म्हणून वेग वाढतो, म्हणजे इथे लिमिटिंग फॅक्टर कॉन्सन्ट्रेशन आहे. 10 च्या पुढे सगळी प्रोटीन्स कामात गुंतलेली, सॅच्युरेट झालेली, म्हणून ग्लुकोज कितीही वाढवला तरी वेग वाढत नाही आणि आता लिमिटिंग फॅक्टर म्हणजे प्रोटीन्सची संख्या.

यात एक गोष्ट जपायची. 'वेग स्थिर होतो कारण तो मॅक्झिममला पोचलाय' हे वाक्य एक्स्प्लेनसारखं वाटतं, 'कारण'सुद्धा आहे त्यात, पण ते पुन्हा ग्राफचंच वर्णन आहे. मी ओळखायला ही युक्ती वापरते: 'कारण'च्या पुढचा भाग नुसता ग्राफ बघून, बायोलॉजी न येणाऱ्या माणसाने लिहिला असता का? असता, तर ते एक्स्प्लेन नाही. प्रोटीन, बाइंडिंग साइट, ग्रेडियंट असं ग्राफवर न दिसणारं काहीतरी 'कारण'च्या पुढे यायला हवं.

कंपेअर मला या तिघांत सगळ्यात नाजूक वाटतो. 'कंपेअर, सिंपल आणि फॅसिलिटेटेड डिफ्युजन' असं आलं की बरेच जण एक परिच्छेद सिंपलवर लिहितात, एक फॅसिलिटेटेडवर, दोन्ही बरोबर, आणि तुलना कुठेच नाही. जोडी परीक्षकाने लावायची नसते, ती आपणच लावायची. म्हणून प्रत्येक वाक्यात दोघंही हवेत: दोन्हीत रेणू जास्त कॉन्सन्ट्रेशनकडून कमीकडे जातात, दोन्हीला एटीपी लागत नाही, फॅसिलिटेटेडला ट्रान्सपोर्ट प्रोटीन लागतं पण सिंपलमध्ये रेणू फॉस्फोलिपिड बायलेयरमधून थेट जातात, फॅसिलिटेटेड सॅच्युरेट होतं तर सिंपलचा वेग कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात वाढत राहतो. मार्क स्कीममध्ये अशा ठिकाणी ora दिसतं, म्हणजे तोच मुद्दा उलट बाजूने लिहिला तरी चालतो. त्यामुळे एकच फरक दोन्ही बाजूंनी लिहून दोन मार्क मिळत नाहीत, तो एकच मुद्दा.

साम्यं विसरू नका हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला 'फरक स्पष्ट करा'ची सवय असते आणि हात आपोआप फरकांकडेच जातो. फक्त फरक हवे असतील तर हल्ली कॉन्ट्रास्ट असा शब्द येतो, तिथे मग साम्य लिहून उपयोग नाही. आणि प्रश्न 'कंपेअर, दोन रेषा' असा असेल तर प्रोटीनबिटीन काही नाही, आकडेच हवेत: दोन्ही सुरुवातीला वाढतात, 10 mmol dm⁻³ ला ग्लुकोजचा वेग 8 तर दुसऱ्याचा 3, त्यानंतर ग्लुकोजचा स्थिर राहतो पण दुसऱ्याचा 20 पर्यंत वाढून 6 होतो.

डिस्क्राइबचा अजून एक प्रकार आहे जो मला कळायला वेळ लागला, ग्राफ नसताना येतो तो. 'डिस्क्राइब, कॅरियर प्रोटीन ग्लुकोज आत कसा नेतं'. इथे ग्राफच नाही तर आकडे कुठले, इथे घटनांचा क्रम लिहायचा: ग्लुकोज प्रोटीनच्या बाइंडिंग साइटला बाहेरच्या बाजूने जोडला जातो, प्रोटीनचा आकार बदलतो, ग्लुकोज आतल्या बाजूला सुटतो, प्रोटीन पुन्हा मूळ आकारात येतं. ग्लुकोजला प्रोटीन का लागतं हे इथे विचारलेलं नाही. आणि 'डिस्क्राइब अँड एक्स्प्लेन' असं एकत्र आलं तर मी आधी रेषेचा एक तुकडा आकड्यांसकट लिहिते, लगेच त्याच तुकड्याचं कारण, मग पुढचा तुकडा. सगळं वर्णन आधी आणि सगळी कारणं शेवटी असं केलं की कुठलं कारण कुठल्या तुकड्याचं हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि 10 च्या आधीचं आणि नंतरचं कारण तर वेगवेगळं आहे.