आत्याच्या पार्सलचा मेसेज

श्रावणातल्या एका दुपारी साताऱ्याहून आत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "अरे, माझा चष्मा परत जाईल का रे?" माझ्या आतेबहिणीने तिचा नवा चष्मा नागपूरहून स्पीड पोस्टने पाठवला होता आणि आत्या तीन दिवस त्याचीच वाट बघत होती. त्यामुळे मेसेज तिला खराच वाटला. "फसवणूक आहे, सोडून दे" एवढं म्हणून तिचं समाधान झालं नसतं, कारण पार्सल खरोखरच वाटेत होतं.

मेसेज इंग्रजीत होता. तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपुरा असल्याने दोनदा प्रयत्न करूनही पोचवता आलं नाही, ४८ तासांत या लिंकवर पत्ता भरा, नाहीतर पार्सल परत जाईल. शेवटी इंडिया पोस्टचं नाव. पण आत्याने फक्त मजकुराचा चौकोन कापून पाठवला होता. मेसेज कुणाकडून आला ते वरच्या पट्टीत असतं, आणि नेमकं तेच कापलं गेलं होतं. मी म्हटलं, "आत्या, काही कापू नकोस, अख्खा स्क्रीन पाठव. आणि लिंकला हात लावू नकोस."

दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये सगळं दिसलं. वर +63 ने सुरू होणारा नंबर होता, म्हणजे फिलिपिन्सचा. आपल्याकडे बँका, सरकारी खाती यांचे एसएमएस साध्या मोबाइल नंबरवरून येत नाहीत. त्यांना नोंदणी केलेलं अक्षरी नाव असतं आणि आता त्याच्या शेवटी `-S`, `-T`, `-G` असं एखादं अक्षर लागतं. असं नाव दिसलं म्हणजे मेसेज खराच, असं मात्र धरू नये, कारण तेही बनावट करता येतं. पण भारतीय टपाल खात्याचा निरोप परदेशी नंबरवरून आला, तर पुढचं वाचण्याआधीच थांबावं.

त्या नंबराखाली iMessage असं लिहिलेलं होतं. आत्याकडे मुलाचा जुना आयफोन आहे. म्हणजे हा एसएमएस नव्हताच, इंटरनेटवरून आलेला निरोप होता. आणि सगळ्यात खाली निळ्या फुग्यात एकच अक्षर होतं, Y. ते आत्यानेच पाठवलं होतं!

मेसेजच्या शेवटी तशी सूचनाच होती: Y असं उत्तर द्या, मेसेज बंद करून पुन्हा उघडा, मग लिंक चालेल. अनोळखी माणसाकडून आलेल्या मेसेजमधली लिंक आयफोन दाबू देत नाही, पण तुम्ही उत्तर दिलंत की ती अडवणूक सुटते. फोनने घातलेली कडी आपल्याच हाताने काढून घ्यायची ही युक्ती आहे. मला या मेसेजमधली हीच गोष्ट सगळ्यात घातक वाटते. आत्याने लिंक उघडली नव्हती, हे तिच्याकडून दोनदा विचारून घेतलं. नुसत्या Y ने पैसे जात नाहीत. मात्र हा नंबर चालू आहे हे समोरच्याला कळतं.

मग लिंक. अशी होती (मधली अक्षरं मी गाळली आहेत):

```
indiapost.in-xxxx.top/IN
```

आत्या म्हणाली, "इंडियापोस्ट लिहिलंय की त्यात." पत्ता वाचायचा तो पहिल्या तिरक्या रेघेपासून डावीकडे. रेघेच्या लगेच आधी `top`, त्याआधीच्या टिंबापर्यंत `in-xxxx`. म्हणजे या जागेचा मालक `in-xxxx.top`. त्याच्याही आधी काय लिहायचं ते मालकाच्या मर्जीवर, तिथे कुणाचंही नाव टाकता येतं. टपाल खात्याचा खरा पत्ता `indiapost.gov.in`, आणि शेवटचं `gov.in` सरकारी संस्थांनाच मिळतं. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने असाच `bank.in` हा वेगळा शेवट आणला आहे.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट. पार्सलचा क्रमांक कुठेच नव्हता. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा खुणांचा क्रमांक असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN. पाठवणाऱ्याला कुणाचं कोणतं पार्सल आहे हे ठाऊकच नसतं. तो हजारो जणांना तोच मजकूर पाठवतो आणि त्यातल्या काहींचं पार्सल वाटेत असतंच. आतेबहिणीकडून पावतीचा फोटो मागवला, टपाल खात्याचा पत्ता स्वतः टाइप केला आणि क्रमांक घातला. चष्मा पुण्याहून निघाला होता, साताऱ्याला अजून पोचलाही नव्हता. मग दोनदा घरी घेऊन कोण आलं होतं?

हे ऐकल्यावर आत्याचा आवाज मोकळा झाला. लिंक उघडली असती तर काय झालं असतं, तेही तिने विचारलं. अशा पानावर आधी पत्ता भरायला लावतात, मग पुन्हा पाठवण्याचे म्हणून अगदी थोडे रुपये कार्डाने मागतात. त्यांना हवे असतात ते कार्डाचे आकडे आणि ओटीपी. तिथवर कुणी गेलंच असेल, तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करायचं आणि लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायचा.

आत्याचे पैसे गेले नव्हते, म्हणून आम्ही दूरसंचार विभागाच्या `sancharsaathi.gov.in` वर, संशयास्पद मेसेज कळवण्याच्या चक्षू या सोयीत तक्रार केली. तिथे मेसेजचा स्क्रीनशॉट जोडता येतो. अख्खा स्क्रीनशॉट तिथेही कामाला आला. मग नंबर ब्लॉक केला. चष्मा दोन दिवसांनी नेहमीच्या पोस्टमनने आणून दिला.